जप्त शेअर आणि सवलतीचा हिशेब

कंपनी कायदा, 2013 चे कलम 53 कंपनीला दर्शनी मूल्यापेक्षा कमी किमतीत शेअर काढायला मनाई करते. मोजके अपवाद सोडले तर या मनाईतून सुटका नाही. पण बारावीच्या वाणिज्य शाखेपासून सनदी लेखापालाच्या परीक्षेपर्यंत दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो: ‘कंपनीने जप्त केलेले शेअर प्रत्येकी 8 रुपयांना, पूर्ण भरणा झालेले म्हणून, पुन्हा विकले.’ शेअरचे दर्शनी मूल्य 10 रुपये असते. कायद्याने बंद केलेले दार इथे उघडे कसे, हे विद्यार्थी सहसा विचारत नाहीत आणि नोंद पाठ करून पुढे जातात. मग प्रश्न जरा वळवून आला की पाठांतर फसते.

या शंकेचे उत्तर सापडले की सगळ्या नोंदी आपोआप जागेवर बसतात. जप्त केलेला शेअर हा नवा काढलेला शेअर नव्हे. तो एकदा काढून झालेला असतो आणि त्याच्यावर कुणीतरी काही रक्कम भरलेली असते. ती रक्कम कंपनीकडेच राहिलेली असते. कंपनी तो शेअर दुसऱ्याला 8 रुपयांना देते तेव्हा उरलेले 2 रुपये जुन्या भागधारकाने भरलेल्या पैशांतून येतात. दोघांचे मिळून कंपनीला त्या शेअरपोटी किमान 10 रुपये मिळालेले असतातच. म्हणजे सवलत नव्या खरेदीदाराला दिसते, कंपनीच्या भांडवलाला तिची झळ लागत नाही. सवलतीची कमाल मर्यादाही यातूनच ठरते. जुन्या भागधारकाने त्या शेअरवर दर्शनी मूल्यापोटी जेवढे भरले, तेवढीच सवलत देता येते. त्यापुढे एक पैसा जरी गेला, तरी तो शेअर खरोखरच दर्शनी मूल्याखाली विकला गेला असे होईल आणि कलम 53 आडवे येईल.

माझ्या मते या विषयात लक्षात ठेवायचे ते एवढेच: पैसा शेअरगणिक मोजायचा, एकगठ्ठा नाही. बहुतेक चुका एकगठ्ठा मोजण्यातून होतात. त्याचे उदाहरण पुढे येईल, पण त्याआधी जप्ती होते कशी ते पाहू, कारण जप्तीच कायदेशीर नसेल तर तिच्या नोंदीला अर्थ नाही.

शेअर जप्त करण्याचा अधिकार कंपनीला तिच्या नियमावलीतून, म्हणजे आर्टिकल्समधून मिळतो. नियमावलीत तरतूद नसेल तर संचालक मंडळाला थकबाकीसाठी कोणाचा शेअर काढून घेता येत नाही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ‘टेबल एफ’ नावाची नमुना नियमावली आहे आणि शेअरभांडवल असलेल्या पुष्कळ कंपन्या ती थोड्याफार फरकाने स्वीकारतात. तिच्यानुसार एका हप्त्यात, ज्याला सगळे ‘कॉल’ म्हणतात, दर्शनी मूल्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त रक्कम मागता येत नाही. आधीच्या हप्त्याच्या भरणा तारखेपासून किमान एक महिन्याचे अंतर लागते आणि भागधारकाला किमान चौदा दिवसांची सूचना द्यावी लागते. हप्ता चुकला तर थकलेल्या रकमेवर दरसाल 10 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येते.

थकबाकी राहिली की जप्तीची नोटीस निघते. तिच्यात पैसे भरण्याची नवी तारीख द्यावी लागते आणि नोटीस बजावल्यापासून चौदा दिवस संपण्याआधीची तारीख चालत नाही. त्या तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर शेअर जप्त होऊ शकतील, असे तिच्यात स्पष्ट लिहावे लागते. नोटीस 1 जुलैला भागधारकाच्या हाती पडली, तर सावध कंपनी सचिव 16 जुलै किंवा त्यापुढची तारीख टाकतो. पत्र पोस्टात टाकल्याची तारीख ही बजावल्याची तारीख धरली, तर दोन-तीन दिवसांच्या फरकाने सगळी जप्ती डळमळते. मुदत उलटूनही भरणा झाला नाही, तर संचालक मंडळ ठराव करते आणि त्या ठरावाने शेअर जप्त होतो. नुसत्या नोटिशीने काही जप्त होत नाही.

इतका काटेकोरपणा का, याचे उत्तर न्यायालयांनी दिले आहे. जप्ती म्हणजे एखाद्याची मालमत्ता त्याच्या संमतीशिवाय काढून घेणे, म्हणून नियमांचे पालन तंतोतंत झाले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी वारंवार घेतली. इंग्लंडमध्ये 1877 च्या जॉन्सन विरुद्ध लिटल्स आयर्न एजन्सी या खटल्यात नोटिशीत व्याज चुकीच्या तारखेपासून मागितले होते. पैसे भरण्याच्या ठरलेल्या दिवसापासून मागायला हवे होते, ते त्याआधीपासून मागितले आणि तेवढ्यावरून जप्ती रद्द ठरली. आपल्याकडे पब्लिक पॅसेंजर सर्व्हिस विरुद्ध खादर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीच वाट धरली. नोटिशीत थकलेल्या हप्त्याबरोबर व्याज आणि खर्चही मागितला होता, पण तो नेमका किती ते भागधारकाला कळेल असे लिहिले नव्हते. भरायची रक्कमच कळत नसेल तर ती न भरल्याची शिक्षा कशी करणार? जप्ती टिकली नाही. हिशेब लिहिणाऱ्याने म्हणूनच ठरावाची प्रत आणि नोटीस पाहिल्याशिवाय जप्तीची नोंद करू नये.

आता उदाहरण. समजा एका कंपनीने 10 रुपये दर्शनी मूल्याचे 50,000 शेअर 2 रुपये अधिमूल्याने, म्हणजे 12 रुपयांना काढले. अर्जाबरोबर 3 रुपये, वाटपावेळी 4 रुपये, पहिल्या हप्त्यात अडीच आणि अंतिम हप्त्यात अडीच रुपये भरायचे ठरले. वाटपाच्या 4 रुपयांत 2 रुपये अधिमूल्य आहे. सगळ्या शेअरसाठी अर्ज आले आणि सगळे वाटले गेले. पुढे दोन भागधारक थकले. पहिल्याकडे 600 शेअर आहेत. त्याने अर्ज आणि वाटप या दोन्ही वेळचे पैसे भरले, पण दोन्ही हप्ते भरले नाहीत. दुसऱ्याकडे 400 शेअर आहेत आणि त्याने अर्जाच्या रकमेनंतर काहीच भरले नाही.

जप्तीपर्यंतच्या नोंदी नेहमीच्या आहेत, म्हणून त्या भरभर पाहू. अर्जाचे 1,50,000 रुपये बँकेत आले. बँक खाते नावे आणि भाग अर्ज खाते जमा, आणि वाटप झाल्यावर भाग अर्ज खाते नावे करून ती रक्कम भाग भांडवल खाती जमा. वाटपाची रक्कम देय झाली तेव्हा भाग वाटप खाते 2,00,000 रुपयांनी नावे पडले. त्यातले 1,00,000 भाग भांडवल खाती आणि 1,00,000 प्रतिभूती अधिमूल्य खाती जमा झाले. हे अधिमूल्य देय झाल्याक्षणीच जमा होते, हाती येण्याची वाट पाहत नाही, एवढे लक्षात असू द्या. थोड्या वेळाने ते उपयोगी पडेल. प्रत्यक्षात दुसऱ्याचे 400 शेअर सोडून बाकीच्यांचे 1,98,400 रुपये आले, म्हणजे वाटप खात्यावर 1,600 रुपये थकले. पहिला हप्ता 1,25,000 रुपयांचा. दोघांचे मिळून 1,000 शेअर थकल्याने आले 1,22,500 आणि थकले 2,500. अंतिम हप्त्यातही तेच आकडे. एकूण थकबाकी 6,600 रुपये झाली.

नोटीस गेली, मुदत उलटली, मंडळाने ठराव केला. आधी पहिल्याचे 600 शेअर घेऊ. त्याने प्रत्येक शेअरवर दर्शनी मूल्यापोटी 5 रुपये भरले आहेत, 3 अर्जाचे आणि 2 वाटपाचे. रोजकीर्दीत नोंद अशी होते:

भाग भांडवल खाते (600 × 10) … नावे 6,000
भाग जप्ती खाते (600 × 5) … जमा 3,000
पहिला हप्ता खाते (600 × 2.50) … जमा 1,500
अंतिम हप्ता खाते (600 × 2.50) … जमा 1,500

नोंद वाचायची ती अशी. भांडवल खात्यात या 600 शेअरपोटी 6,000 रुपये जमा होऊन बसले होते, ते उलटवले. त्यातले 3,000 कधी आलेच नव्हते आणि हप्त्यांच्या खात्यांवर येणे म्हणून दिसत होते, ते येणे आता मिटले. उरलेले 3,000 खरोखर आले होते आणि परत द्यायचे नाहीत, ते जप्ती खात्यात जाऊन थांबले. जप्ती खाते म्हणजे धर्मशाळा. पैसा तिथे मुक्काम करतो, कायमचा राहत नाही. शेअर पुन्हा विकला गेला की त्याला पुढची वाट धरावी लागते.

या 600 शेअरवर भरलेल्या 1,200 रुपयांच्या अधिमूल्याला आपण हात लावला नाही. ते हाती आले आहे आणि प्रतिभूती अधिमूल्य खात्यातली रक्कम कशासाठी वापरता येते ते कलम 52 ने ठरवून दिले आहे. बोनस शेअर, प्राथमिक खर्च, शेअर काढण्याचा खर्च, परतफेडीवरचे अधिमूल्य, पुनर्खरेदी, एवढीच त्याची कामे. जप्तीसाठी ते उलटवणे त्या यादीत नाही.

दुसऱ्याच्या 400 शेअरची गोष्ट वेगळी. त्याने फक्त अर्जाचे 3 रुपये भरले. वाटपाच्या वेळी देय झालेले 800 रुपयांचे अधिमूल्य खात्यात जमा दिसते, पण ते आलेलेच नाही. न आलेल्या पैशाला संरक्षण कसले? म्हणून ते उलटवायचे:

भाग भांडवल खाते (400 × 10) … नावे 4,000
प्रतिभूती अधिमूल्य खाते (400 × 2) … नावे 800
भाग जप्ती खाते (400 × 3) … जमा 1,200
भाग वाटप खाते (400 × 4) … जमा 1,600
पहिला हप्ता खाते … जमा 1,000
अंतिम हप्ता खाते … जमा 1,000

ज्या कंपन्या थकबाकी वेगळ्या ‘थकीत हप्ते खात्या’त नेतात, त्यांच्याकडे शेवटच्या तीन ओळींऐवजी त्या खात्याची 3,600 रुपयांची एकच ओळ येते. बाकी काही बदलत नाही.

अधिमूल्य आले होते की नाही, हा एकच प्रश्न विचारला तर नोंद चुकत नाही. उत्तरपत्रिका तपासताना मात्र मला दोन टोके दिसत आली आहेत. कुणी दोन्ही नोंदींत अधिमूल्य उलटवतो, कुणी दोन्हींत तसेच ठेवतो. पहिल्या चुकीत वाटपाच्या रकमेचा मेळ बसत नाही, म्हणून ती लगेच उघडी पडते. दुसरी चूक करणारा मेळ बसवायला जप्ती खात्यात 800 रुपये कमी घालतो आणि ती चूक दडून राहते.

जप्तीनंतर जप्ती खात्यात 4,200 रुपये आहेत. ताळेबंदात ही रक्कम कुठे दाखवायची? अनुसूची तीनप्रमाणे ती भाग भांडवलाच्या टिपणात, जप्त शेअरवर मुळात भरलेली रक्कम म्हणून, भांडवलात मिळवून दाखवतात. 49,000 शेअरचे 4,90,000 आणि त्यात 4,200, एकूण 4,94,200. ही रक्कम नफा नाही आणि नफातोटा पत्रकाकडे तिची वाटही नाही. ती धंद्यातून मिळालेली नाही, भागधारकाने भांडवल म्हणून दिलेली आहे.

काही महिन्यांनी मंडळाने 700 शेअर पुन्हा विकायचे ठरवले: पहिल्याचे सगळे 600 आणि दुसऱ्याच्या 400 पैकी 100. किंमत प्रत्येकी 8 रुपये, पूर्ण भरणा झालेले म्हणून. किंमत ठरवण्याआधी तळाची मर्यादा तपासली पाहिजे आणि ती दोन्ही गटांसाठी एकसारखी नाही. पहिल्याच्या शेअरवर 5 रुपये आलेले आहेत, म्हणून ते 5 रुपयांपर्यंत खाली विकता येतील. दुसऱ्याच्या शेअरवर 3 रुपयेच आलेले आहेत, म्हणून त्यांची तळाची किंमत 7 रुपये. मंडळाने सगळ्यांसाठी एकच 6 रुपयांचा भाव ठरवला असता तर 600 शेअरची विक्री चालली असती आणि 100 शेअरची बेकायदा ठरली असती. एकच ठराव, एकच किंमत, पण काही विक्री बरोबर आणि काही चूक, असा प्रकार इथे होऊ शकतो. 8 रुपयांत दोन्ही बसतात:

बँक खाते (700 × 8) … नावे 5,600
भाग जप्ती खाते (700 × 2) … नावे 1,400
भाग भांडवल खाते (700 × 10) … जमा 7,000

सवलतीसाठी वेगळे ‘सवलत खाते’ उघडायचे नाही. खर्च म्हणून ती दाखवायची नाही, कारण तो खर्चच नाही. जुन्या भागधारकाचे 2 रुपये जप्ती खात्यातून उचलून भांडवल खात्यात परत नेले, इतकेच झाले.

आता नेहमीचा घसरणीचा टप्पा. जे शेअर पुन्हा विकले गेले, त्यांच्यापोटी जप्ती खात्यात सवलत वजा जाता जे उरले, तो कंपनीचा भांडवली लाभ आहे आणि तो भांडवली राखीव निधीत न्यायचा. प्रश्न एवढाच की किती न्यायचे.

एक उत्तर, जे घाईत लिहिले जाते, ते असे: जप्ती खात्यात 4,200 होते, 1,400 वापरले, उरले 2,800, ते सगळे राखीव निधीत. इथे अजून न विकलेल्या 300 शेअरचे पैसेही वाहून गेले. उद्या ते शेअर 7 रुपयांना विकायचे म्हटले तर 3 रुपयांची सवलत कुठून आणणार?

दुसरे उत्तर जरा शहाणे वाटते, म्हणून अधिक फसवते. 1,000 शेअरवर 4,200 रुपये, म्हणजे शेअरमागे 4.20. 700 शेअरचे 2,940, त्यातून सवलत 1,400 वजा, उरले 1,540. हे सरासरीचे गणित नीटनेटके आहे, पण चुकीचे आहे. विकलेल्या 700 पैकी 600 शेअर जास्त पैसे भरलेले आहेत आणि 100 कमी भरलेले. सरासरी त्यांना एकाच तागडीत घालते. परिणाम असा की न विकलेल्या 300 शेअरपोटी जप्ती खात्यात 1,260 रुपये उरल्याचे दिसते, म्हणजे शेअरमागे 4.20, जेव्हा त्यांच्यावर प्रत्यक्षात 3 रुपयेच आले होते. खात्यात जास्त शिल्लक दिसली की मंडळाला वाटते, अजून चार रुपये सवलत देता येईल. चूक अशी आकड्यातून ठरावात शिरते.

बरोबर उत्तर शेअरगणिक येते. पहिल्याच्या 600 शेअरवर प्रत्येकी 5 आले, 2 सवलतीत गेले, उरले 3, म्हणजे 1,800. दुसऱ्याच्या 100 शेअरवर प्रत्येकी 3 आले, 2 गेले, उरला 1, म्हणजे 100.

भाग जप्ती खाते … नावे 1,900
भांडवली राखीव निधी खाते … जमा 1,900

खतावणीत जप्ती खात्याची शिल्लक आता 4,200 वजा 1,400 वजा 1,900, म्हणजे 900. न विकलेल्या 300 शेअरवर प्रत्येकी 3 रुपये भरलेले होते, त्याचेही 900. या दोन आकड्यांचा मेळ हीच खरी कसोटी. कोणत्याही दिवशी जप्ती खात्याची शिल्लक ही न विकलेल्या शेअरवर दर्शनी मूल्यापोटी आलेल्या रकमेइतकीच असली पाहिजे. लेखापरीक्षकाने जप्त शेअरची नोंदवही समोर ठेवून हा मेळ घातला तर वरच्या दोन्ही चुका मिनिटभरात सापडतात. ताळेबंदात आता 49,700 शेअरचे 4,97,000 आणि जप्त शेअरचे 900 असे 4,97,900 भांडवल दिसेल.

पुढे उरलेले 300 शेअर तळाच्या किमतीला, 7 रुपयांना गेले असे धरू. बँक खाते 2,100 आणि भाग जप्ती खाते 900 नावे, भाग भांडवल खाते 3,000 जमा. सगळी रक्कम सवलतीत गेल्याने राखीव निधीत न्यायला काही उरत नाही आणि जप्ती खाते शून्यावर येते. आता शेवटचा ताळा. बँकेत एकूण 6,01,100 रुपये आले: सुरुवातीचे 5,93,400, मग 5,600 आणि 2,100. दुसऱ्या बाजूला भांडवल 5,00,000, अधिमूल्य 99,200, भांडवली राखीव निधी 1,900. बेरीज तीच.

हे शेअर कोणी 10 रुपयांवर, समजा 13 ला घेतले असते, तर वरचे 3 रुपये प्रतिभूती अधिमूल्य खाती जमा झाले असते आणि जप्ती खात्यातली त्यांची सगळी रक्कम राखीव निधीत गेली असती. सवलतच नाही म्हटल्यावर वजा करायचे काही नसते.

कधी कधी कंपनी अंतिम हप्ता मागण्याआधीच शेअर जप्त करते. तेव्हा भांडवल खाते 10 रुपयांनी नावे करायचे नाही, तोपर्यंत मागितलेल्या रकमेनेच करायचे. आपल्या उदाहरणात पहिला हप्ता थकल्यावर लगेच जप्ती झाली असती, तर पहिल्याचे भांडवल खाते 600 × 7.50, म्हणजे 4,500 रुपयांनी नावे पडले असते. त्यात 3,000 जप्ती खाती आणि 1,500 पहिल्या हप्त्याच्या खाती जमा. जप्ती खात्यातली रक्कम बदलत नाही, कारण ती भरलेल्या पैशावर ठरते, मागितलेल्या पैशावर नाही. ‘मागितलेले’ आणि ‘भरलेले’ यातला फरक विसरणे हा या विषयातला सर्वांत जुना रोग. जुन्या प्रश्नपत्रिकांचा सराव करणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावे. 1956 च्या कायद्याचे कलम 79 काही अटींवर सवलतीत शेअर काढायला परवानगी देत होते. अशा शेअरच्या जप्तीत मूळची सवलतही उलटवावी लागे आणि पुनर्विक्रीची मर्यादा तेवढ्याने वाढे. 2013 च्या कायद्यानंतर तो भाग इतिहासजमा झाला.

दर्शनी मूल्याची ही मोजणी किती वेगळी पडू शकते, हे मोठ्या अधिमूल्याच्या शेअरवरून कळते. रिलायन्स इंडस्ट्रीजने 2020 मध्ये 10 रुपये दर्शनी मूल्याचे हक्कभाग 1,257 रुपयांना काढले. अर्जाबरोबर 314.25 रुपये भरायचे होते. त्यातले 2.50 रुपये दर्शनी मूल्यापोटी आणि 311.75 अधिमूल्यापोटी. समजा अशा धर्तीच्या शेअरवर अर्जाची रक्कम भरून कोणी पुढचे सगळे हप्ते थकवले आणि शेअर जप्त झाला, तर जप्ती खात्यात जातील ते फक्त अडीच रुपये. 311.75 अधिमूल्य खात्यातच राहतील. देय होऊन न आलेले अधिमूल्य तेवढे उलटेल. आणि हिशेबाच्या नियमाने पुनर्विक्रीची तळाची किंमत निघेल साडेसात रुपये. बाजारात हजाराच्या पुढे भाव असताना कोणतेही संचालक मंडळ त्या किमतीला शेअर देणार नाही, दिला तर भागधारकांना जाब द्यावा लागेल. पण त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जप्ती खात्याचा नियम भांडवल झिजू नये एवढेच पाहतो. योग्य किंमत मिळाली का, हा प्रश्न संचालकांच्या जबाबदारीचा आहे आणि रोजकीर्द त्याचे उत्तर देत नाही.

शेअर विकले जाण्याआधी मंडळाला जप्ती रद्दही करता येते. भागधारक व्याजासह पैसे घेऊन आला आणि मंडळाला पटले तर जप्तीची नोंद जशीच्या तशी उलटवायची. विक्री झाल्यावर मात्र ते दार बंद होते. टेबल एफप्रमाणे शेअर रीतसर जप्त झाल्याचे संचालक, व्यवस्थापक किंवा सचिवाने प्रतिज्ञापूर्वक लिहून दिले की ते निर्णायक पुरावा ठरते. खरेदीदाराचे नाव भागधारकांच्या नोंदवहीत चढते आणि जप्तीच्या कामात काही अनियमितता राहिली असली तरी त्याच्या मालकीला धक्का बसत नाही. जुन्या भागधारकाचे भांडण मग कंपनीशी उरते, खरेदीदाराशी नाही.

आणि जुन्या भागधारकाची सुटका? जप्तीने तो सभासद राहत नाही, पण जप्तीच्या दिवशी त्याच्याकडून जे येणे होते ते त्याच्यावर कायम राहते. त्या शेअरपोटी कंपनीला सगळी रक्कम मिळाली की त्याची जबाबदारी संपते, असे टेबल एफ म्हणते. व्याज बाजूला ठेवून हे शब्द आपल्या उदाहरणाला लावले तर असे दिसते: पहिल्याकडे शेअरमागे 5 रुपये थकले होते आणि पुनर्विक्रीत 8 आले, तो मोकळा झाला. दुसऱ्याकडे अधिमूल्यासह 9 थकले होते. त्याचे 100 शेअर 8 ला गेले आणि 300 शेअर 7 ला. शेअर गेले, अर्जाचे 1,200 रुपये गेले, आणि पहिल्या शंभरावर एकेक व उरलेल्या तीनशेवर दोन-दोन मिळून 700 रुपये कंपनी अजून त्याच्याकडे मागू शकते.